व्हिनेगर ४.९३ ± ०.०३ टक्के: यातला ± नेमका येतो कुठून?

लॅबचा रिपोर्ट हातात आला की लोक आधी मोठा आकडा बघतात आणि मग त्याच्यापुढचा तो छोटा ± दिसला की गोंधळतात. बाटलीवर ५ टक्के लिहिलंय, रिपोर्टमध्ये ४.९३ ± ०.०३ आलंय, म्हणजे कंपनीने फसवलं का? की लॅबलाच नक्की माहीत नाही म्हणून त्यांनी पळवाट ठेवलीये? हे दोन्ही प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की एकदा नीट बसून लिहावं असं वाटलं.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते. एकदा घाईत होते, १० मिली अचूक मोजून सोडणारी काचेची नळी, म्हणजे पिपेट, धुवायला गेलेली, म्हणून व्हिनेगर मेजरिंग सिलिंडरने मोजून घेतलं आणि पुढचं सगळं अगदी नीट केलं. चार रीडिंग काढली, चारही छान जुळली, उत्तर आलं ५.०२ टक्के. दुसऱ्या दिवशी तीच बाटली, मोजणीचं द्रावणही तेच, फक्त यावेळी पिपेट. परत चार रीडिंग, परत छान जुळली, आणि उत्तर ४.९३. बाटली एकच आणि लेबलवरचा ५ चा आकडा बरोबर दोन उत्तरांच्या मध्ये, एका दिवशी माल पास आणि दुसऱ्या दिवशी नापास. तर यातलं खरं कुठलं हे रीडिंगकडे बघून कळत नाही, ते ± कडे बघून कळतं, आणि तो ± कसा काढतात तेच पुढे सांगतेय.

## आधी मोजतात कसं ते बघू

व्हिनेगर म्हणजे मुख्यतः पाणी आणि त्यात थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. ते अ‍ॅसिड वेगळं काढून वजन करणं जवळपास अशक्य, म्हणून आपण उलट्या बाजूने जातो. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड नावाचा अल्क थेंबाथेंबाने घालत जायचं, तो अ‍ॅसिडचा एकेक कण खाऊन टाकतो, आणि सगळं अ‍ॅसिड संपलं त्या क्षणी थांबायचं. किती अल्क लागला त्यावरून अ‍ॅसिड किती होतं ते कळतं. याला टायट्रेशन म्हणतात.

CH₃COOH + NaOH → CH₃COONa + H₂O

इथे एकास एक जोडी आहे हे महत्त्वाचं. लग्नाच्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर एकच माणूस बसतो, तर माणसं मोजली की खुर्च्या मोजायची गरज नाही, तसंच. फक्त कण इतके असंख्य असतात की ते मोजायला 'मोल' नावाचं एकक वापरतात, डझन म्हणजे १२ तसा मोल म्हणजे एक ठरलेली प्रचंड संख्या, आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा एक मोल ६०.०५ ग्रॅम भरतो. मिलिमोल म्हणजे त्याचा हजारावा भाग, त्याचं वजन ६०.०५ मिलिग्रॅम. एवढं लक्षात ठेवलं की पुढची आकडेमोड सोपी आहे.

प्रत्यक्षात व्हिनेगर थेट टायट्रेट करत नाहीत कारण ते फार जोरकस पडतं. १० मिली व्हिनेगर पिपेटने घ्यायचं, १०० मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये टाकून खुणेपर्यंत पाणी भरायचं, नीट उलटसुलट करून मिसळायचं, आणि त्यातलं २५ मिली दुसऱ्या पिपेटने कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं. म्हणजे त्या २५ मिलीत मूळ व्हिनेगर अडीच मिलीच आहे. मग दोन-तीन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, आणि ब्युरेटमधून, म्हणजे मिलीच्या खुणा आणि खाली तोटी असलेल्या उभ्या नळीतून, अल्क सोडायला सुरुवात.

## गुलाबी रंग, आणि तो शेवटचा थेंब

फिनॉल्फ्थॅलिन अ‍ॅसिडमध्ये रंगहीन आणि अल्कात गुलाबी. पीएच म्हणजे द्रावण किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप, ७ च्या खाली आम्ल आणि वर अल्कधर्मी. साधारण ८.३ पीएचच्या पुढे त्याला रंग यायला लागतो. आता कुणी म्हणेल की अ‍ॅसिड संपलं म्हणजे पीएच ७ हवा ना? इथे नाही. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड दुबळं आहे, ते संपल्यावर जे सोडियम अ‍ॅसिटेट उरतं ते स्वतःच किंचित अल्कधर्मी असतं, त्यामुळे आपल्या द्रावणात बरोबर जोडी जुळते तेव्हा पीएच ८.७ च्या आसपास असतो, फिनॉल्फ्थॅलिनच्या अगदी टप्प्यात. याच्या जागी मिथाइल ऑरेंज वापरलं तर ते ३.१ ते ४.४ मध्येच रंग बदलून मोकळं होतं, तेव्हा अ‍ॅसिडचा जेमतेम एक तृतीयांश भागसुद्धा संपलेला नसतो, आणि उत्तर पार चुकतं.

शेवट जवळ आला की थेंब पडतो तिथे गुलाबी डाग उमटतो आणि फ्लास्क फिरवला की विरून जातो. सुरुवातीला पटकन विरतो, मग रेंगाळायला लागतो. तो रेंगाळायला लागला की हात आखडायचा, एकेक थेंब, मग अर्धा थेंब, म्हणजे ब्युरेटच्या टोकाला थेंब लटकू द्यायचा आणि फ्लास्कच्या काचेला टेकवून पाण्याच्या बाटलीने आत धुवून घ्यायचा. पूर्ण द्रावणात फिकट, जेमतेम दिसेल असा गुलाबीपणा आला आणि तीस सेकंद टिकला की झालं. त्यानंतर तो हळूहळू फिका पडतोच, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच खाली आणतो, त्याला घाबरून आणखी थेंब घालायचा नाही. गडद गुलाबी झालं म्हणजे पुढे गेलात.

एक थेंब साधारण ०.०५ मिलीचा. आपल्याला एका टायट्रेशनला सरासरी २०.३५ मिली अल्क लागला, त्यात तो पाव टक्का. ऐकायला काहीच नाही, पण हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

## अल्काची ताकद कुणी ठरवली?

बऱ्याच जणांना वाटतं की बाटलीवर ०.१ मोल प्रति लिटर लिहिलं म्हणजे तेवढंच असणार. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाबतीत हे चालत नाही. त्याच्या गोळ्या हवेत ठेवल्या की बघता बघता ओल्या होतात, पाणी ओढतात, कार्बन डायऑक्साइडही ओढतात, त्यामुळे ४ ग्रॅम वजन केलं तरी त्यात खरं हायड्रॉक्साइड किती हे सांगता येत नाही. म्हणून आधी त्या अल्काचंच टायट्रेशन एका विश्वासू पदार्थाशी करायचं. तो म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, लॅबमध्ये सगळे केएचपी म्हणतात. पांढरे खडे, शुद्ध मिळतात, हवेतलं पाणी सहसा ओढत नाहीत, ११० ते १२० अंशांवर दोन तास वाळवून थंड केले की निर्धास्त वजन करता येतं.

समजा ०.५११२ ग्रॅम केएचपी घेतलं. त्याचा मोल २०४.२२ ग्रॅमचा, म्हणजे हे २.५०३२ मिलिमोल झालं. त्याला अल्क लागला २४.८५ मिली. भागाकार केला की ताकद ०.१००७३ मोल प्रति लिटर. असं तीनदा केलं, ०.१००७३, ०.१००८१ आणि ०.१००७६ आलं, सरासरी ०.१००७७. हाच आकडा पुढे वापरायचा, बाटलीवरचा ०.१ नाही.

आणि हे मागच्या महिन्यात केलं होतं म्हणून आज चालेल असं धरू नका. बाटली उघडझाप होत राहिली आणि अल्काची ताकद गुपचूप १ टक्क्याने उतरली, तर ४.९३ चं व्हिनेगर तुम्हाला ४.९८ दिसणार, कारण दुबळा अल्क जास्त लागतो आणि तुम्ही त्याला जुन्याच ताकदीने गुणता. रीडिंग एकमेकांशी जुळतच राहतात, त्यामुळे कळत काहीच नाही. कळायचा मार्ग एकच, केएचपी परत लावा.

## आता उत्तर काढू

पिपेटवाल्या दिवसाची चार रीडिंग अशी होती: २०.३५, २०.४०, २०.३० आणि २०.३५ मिली. (नुसत्या पाण्याला फिनॉल्फ्थॅलिन घालून जेवढा अल्क लागतो तेवढा आधीच वजा केलाय.) सरासरी २०.३५.

२०.३५ मिली गुणिले ०.१००७७ म्हणजे २.०५०७ मिलिमोल अल्क, म्हणजे तेवढंच अ‍ॅसिड. त्याला ६०.०५ ने गुणलं की १२३.१ मिलिग्रॅम. हे अडीच मिली व्हिनेगरमध्ये होतं, तर १०० मिलीत त्याच्या चाळीसपट, ४९२६ मिलिग्रॅम, म्हणजे ४.९३ ग्रॅम. झालं, शाळा-कॉलेजचं प्रॅक्टिकल इथे संपतं. खरा प्रश्न इथून पुढे आहे.

## "रीडिंग एवढी जुळलीत, मग अनिश्चितता कसली?"

लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलाने मला हेच विचारलं होतं. "मॅडम, चारही रीडिंग ०.१ मिलीच्या आत आहेत, चौघं तेच सांगतायत, अजून काय पाहिजे?"

मी त्याला म्हटलं, "चौघं कुठे, एकच जण चारदा बोलतोय."

बघा ना, चारही टायट्रेशन एकाच १०० मिलीच्या फ्लास्कमधून झाली. त्या फ्लास्कमध्ये व्हिनेगर एकदाच टाकलं होतं. ते १० मिलीच्या ऐवजी १०.२ मिली पडलं असेल तर चारही रीडिंग सारखीच जास्त येणार आणि तरी एकमेकांशी छान जुळणार. घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर दिवसभरात दहा वेळा बघून ते बरोबर होत नाही, प्रत्येक वेळी पाच मिनिटं पुढेच. तसंच चारही वेळा ब्युरेट तीच, २५ मिलीची पिपेट तीच, अल्काची ताकद तीच, शेवटचा रंग ओळखणारा डोळाही तोच.

म्हणजे रीडिंगमधला फरक आपल्याला फक्त दर वेळी बदलणाऱ्या गोष्टींबद्दल सांगतो. न बदलणाऱ्या गोष्टींबद्दल तो गप्प असतो, आणि त्यांचा हिशोब वेगळा लावावा लागतो. मोजमापातली अनिश्चितता कशी मांडायची याची एक आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका १९९३ साली निघाली, जगभरच्या लॅब तिला 'गम' म्हणून ओळखतात, तिने हीच दोन खाती केलीत: एक, स्वतः पुन्हा पुन्हा मोजून दिसलेला फरक आणि दोन, इतर माहितीवरून काढलेला अंदाज, जसं की काचेच्या भांड्यावर छापलेली मर्यादा, सर्टिफिकेट, अनुभव. दोन्ही खाती शेवटी एकाच पद्धतीने एकत्र करायची.

## काचेवर बारीक अक्षरात काय लिहिलंय

तुमच्या पिपेटवर नीट बघा, 'ए' क्लास असेल तर १० मिलीच्या पिपेटवर ±०.०२ असं बारीक छापलेलं असतं. याचा अर्थ बनवणाऱ्याचं म्हणणं एवढंच की ही पिपेट ९.९८ ते १०.०२ च्या मध्ये कुठेतरी सोडेल. नेमकं कुठे ते तो सांगत नाही. आपल्याला त्यातली कुठलीही जागा सारखीच शक्य धरावी लागते, आणि अशा वेळी मध्यापासूनचं ठरावीक अंतर काढायला त्या मर्यादेला तीनच्या वर्गमुळाने, म्हणजे १.७३ ने भागतात. कारण ०.०२ ही टोकाची हद्द आहे, बहुतेक वेळा आपण हद्दीच्या आतच कुठेतरी असतो. तर ०.०२ भागिले १.७३ म्हणजे ०.०११५ मिली, १० मिलीच्या मानाने ०.१२ टक्के.

पण एक अट आहे, पिपेट नीट वापरली तरच. आतून पाण्याने ओली असेल तर व्हिनेगर पातळ होतं, म्हणून आधी थोड्या व्हिनेगरनेच खंगाळून ते फेकून द्यायचं. उलट कॉनिकल फ्लास्क मात्र नुसत्या पाण्याने धुवायचा, त्याला व्हिनेगर लागलं तर तेवढं अ‍ॅसिड वाढलं. आणि पिपेट रिकामी झाल्यावर टोकात जो थेंब उरतो तो फुंकून बाहेर काढायचा नाही, फक्त काचेला टेकवायचा, कारण पिपेटची खूण तो थेंब आत राहणार हे धरूनच केलेली असते. या तीनही गोष्टी लोक चुकवतात आणि मग छापलेल्या ±०.०२ ला काही अर्थ उरत नाही.

सगळ्या घटकांचा असा हिशोब केला की हे आकडे येतात (टक्क्यांत):

| कुठून येते | किती |
|---|---|
| ब्युरेट, ५० मिली, ±०.०५ | ०.१४ |
| अल्काची ताकद | ०.१३ |
| १० मिली पिपेट, ±०.०२ | ०.१२ |
| चार रीडिंगमधला फरक | ०.१० |
| शेवटचा रंग ओळखणं | ०.०९ |
| २५ मिली पिपेट, ±०.०३ | ०.०७ |
| १०० मिली फ्लास्क, ±०.१० | ०.०६ |

रीडिंगमधला फरक, ज्याच्यावर सगळ्यांचा भरवसा होता, तो चौथ्या नंबरवर आहे. आणि रंगाची ओळ मी मुद्दाम वेगळी धरलीये, कारण माझा डोळा नेहमीच अर्धा थेंब उशिरा थांबत असेल तर ते चार रीडिंगच्या फरकात दिसणारच नाही. त्यासाठी ०.०३ मिलीची हद्द धरलीये. तुम्ही आणखी कडक असाल तर शेजारच्याला तोच नमुना टायट्रेट करायला सांगा, दोघांच्या सरासरीतला फरक डोळ्यांसमोर येतो. अल्काच्या ताकदीच्या ओळीत केएचपीचं वजन आणि शुद्धता आहे खरी, पण तिथेही मोठा वाटा परत ब्युरेटचाच आहे.

## मग हे सगळं नुसतं बेरजेने का जोडत नाही?

सरळ बेरीज केली तर ०.७१ टक्के होतं. पण ती बेरीज म्हणजे असं मानणं झालं की सातही गोष्टी एकाच वेळी, एकाच दिशेला, पूर्ण चुकल्या. एखाद्या दिवशी पिपेट जास्त सोडते तर फ्लास्क जरा मोठा निघतो, थोडं इकडे थोडं तिकडे, काही एकमेकांना खाऊन टाकतात. मैदानात तीन पावलं पूर्वेला आणि मग चार पावलं उत्तरेला गेलात तर तुम्ही मूळ जागेपासून सात नाही, पाच पावलं लांब असता. इथेही तसंच, प्रत्येकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा आणि शेवटी वर्गमूळ काढा. आपलं उत्तर ०.२८ टक्के.

४.९३ च्या ०.२८ टक्के म्हणजे ०.०१४ ग्रॅम. याला प्रमाणित अनिश्चितता म्हणतात. रिपोर्टमध्ये लिहिताना बहुतेक ठिकाणी ती २ ने गुणतात, कारण खरी किंमत त्या पट्ट्यात असण्याचा विश्वास साधारण ९५ टक्के व्हावा असं बघतात. तर ०.०२७, गोल करून ०.०३. हाच तो ±.

वर्ग करण्याचा एक परिणाम मला फार मोलाचा वाटतो. मोठा आकडा वर्ग केल्यावर आणखी मोठा होतो आणि लहान जवळजवळ नाहीसा होतो. १०० मिलीच्या फ्लास्कची अनिश्चितता शून्य केली, म्हणजे जगातला सर्वात उत्तम फ्लास्क आणला, तरी ०.२८ चं ०.२७ होतं, बस. म्हणजे पैसा आणि मेहनत यादीच्या वरच्या टोकाला लावायची असते, खालच्या टोकाला नाही. चारऐवजी दहा टायट्रेशन केली तरी फक्त चौथ्या ओळीतला आकडा कमी होतो, बाकी सहा ओळी जागच्या जागी.

थोडं विषयांतर, पण जाणकार विचारतीलच म्हणून. ब्युरेट केएचपीलाही तीच वापरली आणि व्हिनेगरलाही तीच. ती दोन्ही वेळा सारख्याच प्रमाणात जास्त दाखवत असेल तर दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी कापतात, कारण एक भागाकारात आहे आणि दुसरी गुणाकारात. मी वर दोन्ही वेगवेगळ्या धरल्यात, त्यामुळे माझा आकडा थोडा सुरक्षित बाजूला झुकलाय. यातून मिळणारी कामाची गोष्ट अशी की दोन्ही टायट्रेशन त्याच ब्युरेटने, दोन्ही वेळा शून्यापासून, आणि एकूण व्हॉल्यूम साधारण जवळपास येईल असं ठेवून करा.

## आता परत त्या दोन दिवसांकडे

पहिल्या दिवशी पिपेटऐवजी मेजरिंग सिलिंडर होता. १० मिलीच्या साध्या सिलिंडरची मर्यादा ±०.२ मिली असू शकते, पिपेटच्या दहापट. १.७३ ने भागून १० मिलीच्या मानाने १.१५ टक्के. यादीतल्या ०.१२ च्या जागी हा एक आकडा ठेवा आणि परत वर्गमूळ काढा, एकूण १.१८ टक्के होतं, म्हणजे बाकीच्या सहाही ओळी या एकट्याने गिळल्या. ५.०२ च्या दुप्पट १.१८ टक्के म्हणजे ०.१२.

तर त्या दिवसाचं उत्तर खरं म्हणजे ५.०२ ± ०.१२ होतं, ४.९० पासून ५.१४ पर्यंत कुठेही. दुसऱ्या दिवसाचं ४.९३ ± ०.०३. दोन्हीत भांडण नाहीये, दुसरा पट्टा पहिल्याच्या आतच बसतो. पहिल्या दिवशी सिलिंडरमध्ये साधारण १०.२ मिली आलं असणार, बस एवढंच झालं होतं. चूक ५.०२ हा आकडा येण्यात नव्हती, तो ± शिवाय बाहेर पाठवण्यात होती, कारण वाचणाऱ्याने तो ५.०२ म्हणजे ५ च्या वर असंच वाचलं.

## "म्हणजे ± म्हणजे लॅबची चूक?"

नाही. चूक कळली तर ती दुरुस्त करायची असते, ± मध्ये घालायची नसते. पाण्याला लागणारा अल्क आपण वजा केला, ती दुरुस्ती होती. ब्युरेटमध्ये टोकाला हवेचा बुडबुडा राहिला आणि मध्येच सुटला, तर ते रीडिंग फेकून द्यायचं. अनिश्चितता म्हणजे सगळ्या माहीत असलेल्या चुका काढून टाकल्यावरही जी शंका उरते ती. आणि ± नसलेला रिपोर्ट जास्त अचूक नसतो, त्यात शंका तेवढीच असते, फक्त सांगितलेली नसते.

## "पण हे सगळं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच कशावरून?"

हा आक्षेप खरा आहे आणि याचं उत्तर ± मध्ये नाही. सोडियम हायड्रॉक्साइडला अ‍ॅसिडचं नाव कळत नाही, समोर येईल ते खातो. फळांपासून केलेल्या व्हिनेगरमध्ये थोडं मॅलिक, लॅक्टिक, टार्टारिक असंही अ‍ॅसिड असतं, तेही याच मोजणीत येतं. म्हणून प्रामाणिक शब्द आहे 'एकूण आम्लता, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या हिशोबात'. फक्त अ‍ॅसेटिकच किती हे हवं असेल तर टायट्रेशन कितीही बारकाईने करून उपयोग नाही, दुसरी पद्धत लागते. पांढऱ्या, शुद्ध व्हिनेगरमध्ये हा फरक नगण्य असतो.

गडद रंगाच्या व्हिनेगरमध्ये आणखी एक अडचण येते, गुलाबी दिसतच नाही. दहापट पातळ केल्यावर थोडं सुधारतं, पण तपकिरी द्रावणात फिकट गुलाबी शोधताना लोक दोन-तीन थेंब पुढे जातातच आणि सगळे एकाच दिशेला. तिथे पीएच मीटर लावावा आणि पीएच सर्वात वेगाने उडी मारतो तो बिंदू आलेखावरून काढावा.

## तर मग कंपनीने फसवलं का?

पट्टा ४.९० ते ४.९६. ५.०० त्याच्या बाहेर आहे, म्हणजे मोजणीतली शंका पूर्ण मान्य करूनसुद्धा या बाटलीत १०० मिलीला ५ ग्रॅमपेक्षा कमी अ‍ॅसिड आहे असं म्हणता येतं. सिलिंडरच्या रिपोर्टवरून मात्र काहीच म्हणता आलं नसतं, ना पास ना नापास. आणि नियम जर किमान ४ टक्क्यांचा असेल तर दोन्ही रिपोर्ट सरळ पास आहेत, तिथे सिलिंडरसुद्धा पुरला असता. किती बारीक मोजायचं हे आपण कुठल्या रेषेच्या किती जवळ उभे आहोत त्यावर ठरतं.

पण निकाल देण्याआधी दोन गोष्टी बघा. एक म्हणजे टक्के कशाचे. आपण १०० मिलीत किती ग्रॅम ते मोजलं. काही ठिकाणी १०० ग्रॅममध्ये किती ग्रॅम असं धरतात. व्हिनेगर पाण्यापेक्षा किंचित जड, समजा एका मिलीला १.००६ ग्रॅम, तर आपलं ४.९३ त्या हिशोबात ४.९० होतं. नुसत्या एककाच्या गोंधळाने आपल्या पूर्ण ± एवढा फरक पडला, म्हणून आकड्यापुढे नुसतं टक्के लिहून थांबू नये.

दुसरी गोष्ट, हा ± या बाटलीचा आहे, त्या मालाच्या हजार बाटल्यांचा नाही. बाटली-बाटलीत किती फरक आहे हे कळायला वेगवेगळ्या बाटल्या उघडाव्या लागतात, एकच बाटली शंभर वेळा मोजून ते कळणार नाही.

माझ्या रिपोर्टवर शेवटी गेलेली ओळ अशी होती: एकूण आम्लता, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या हिशोबात, १०० मिलीला ४.९३ ± ०.०३ ग्रॅम, अनिश्चितता २ ने गुणलेली, विश्वास साधारण ९५ टक्के, एका बाटलीतला एक नमुना, चार टायट्रेशनची सरासरी. पहिल्या दिवशीचा ५.०२ चा रिपोर्ट परत मागवला आणि त्याच्या जागी हा पाठवला.